एजीएममध्ये छोट्या भागधारकांना स्वतःचा ठराव किंवा निवेदन फिरवता येतं का?

वाळवेकर (धागाकर्ता) · १५ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या भागातली एक जुनी इंजिनिअरिंग कंपनी आहे, शेअर बाजारात नोंदलेली. नाव घेत नाही, इथे तिथले कामगारही वाचायला येतात. भरणा झालेलं भांडवल १२ कोटी, दर्शनी किंमत १० रुपये, म्हणजे १ कोटी २० लाख शेअर. प्रवर्तक कुटुंबाकडे ५८ टक्के. बाकी आमच्यासारखे, वडिलांनी घेऊन ठेवलेले.

दुखणं असं. कंपनी धंदा बरा करते, पण लाभांश कित्येक वर्षं २ रुपयांवर अडकलाय. दुसरीकडे ब्रँडचं नाव वापरण्यासाठी प्रवर्तकांच्याच एका खाजगी कंपनीला उलाढालीच्या २ टक्के रॉयल्टी जाते. ब्रँड तयार झाला तो याच कंपनीच्या मालावर! वार्षिक अहवालाच्या मागच्या टिपांमध्ये बारीक अक्षरात आहे सगळं.

आम्ही ओळखीपाळखीचे ४३ जण जमलोय, मिळून ३ लाख ४० हजार शेअर. यंदाच्या वार्षिक सभेत दोन ठराव मांडायचे आहेत: लाभांश ६ रुपये करा, आणि रॉयल्टी बंद करा. कंपनीला मेल केला तर एका ओळीचं उत्तर आलं की विषयपत्रिका ठरवणं हा संचालक मंडळाचा अधिकार आहे. सभा दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असते. खरंच आपल्याला काही मांडता येत नाही का?

---

तात्या निपाणीकर · १५ जुलै, रात्री १०:१५

कोण म्हणतं येत नाही? कायद्यात चक्क लिहिलंय. शंभर भागधारकांच्या सह्या आणि मिळून एक लाखाचं भांडवल, एवढं असलं की कंपनीला तुमचा ठराव छापून सगळ्यांना पाठवावाच लागतो. आमच्या वेळी एका साखर यंत्रांच्या कंपनीत आम्ही हेच केलं होतं. तुम्ही ४३ आहात, अजून ५७ डोकी जमवा. एकेका शेअरवाला असला तरी चालतो. आणि तेही नाही जमलं तर सभेत उभं राहून ठराव मांडायचा, शेजारच्याला अनुमोदन द्यायला सांगायचं. अध्यक्षाला मतदान घ्यावंच लागतं.

---

सोसायटीग्रस्त · १५ जुलै, रात्री १०:५२

आमच्याकडे पण हाच त्रास! सेक्रेटरी आमचा पार्किंगचा विषय अजेंड्यावर घेतच नाही. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी पाच मिनिटं उरतात, तेवढ्यात चहा येतो. हे कलम सोसायटीला लागू होतं का?

---

मिनिटबुक · १६ जुलै, सकाळी ७:३०

सोसायटीग्रस्त, नाही. तुमचा कायदा वेगळा, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. तिथे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. वेगळा धागा काढा, पार्किंगवर लिहायला शंभर जण येतील.

तात्या, तुम्ही सांगताय तो १९५६ च्या कंपनी कायद्याचा नियम, कलम १८८. तेव्हा दोन वाटा होत्या: एकूण मतांच्या एक विसांश, किंवा किमान शंभर सभासद आणि त्यांच्या शेअरवर मिळून किमान एक लाख रुपये भरणा. दुसरी वाट खरोखर गरिबाची होती. २०१३ च्या कायद्यात ती बुजवली. आताचं कलम १११ म्हणतं, कलम १०० ला लागतात तेवढे सभासद हवेत, आणि कलम १०० ला लागतं मताधिकार असलेल्या भरणा भांडवलाचा एक दशांश. डोकी मोजायची नाहीत, भांडवल मोजायचं.

वाळवेकर, तुमच्या कंपनीत एक दशांश म्हणजे १२ लाख शेअर. तुमच्याकडे ३ लाख ४० हजार, म्हणजे २.८३ टक्के. कंपनीने दिलेलं उत्तर चूकच आहे, हक्क आहे. पण आज तुम्ही त्या उंबरठ्याच्या बरेच खाली आहात.

सभेत उभं राहून मांडायचं म्हणाल तर ते दिवस गेले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत मतदान ई-व्होटिंगने होतं आणि ते सभेच्या आधीच सुरू होतं. जो ठराव सूचनेत नाही, त्यावर कोणी मतच देऊ शकत नाही. ज्यावर आधीच मतदान सुरू झालंय, त्या ठरावात सभेत दुरुस्तीही करता येत नाही. सचिवीय मानकांत तसं स्पष्ट लिहिलंय. उभं राहून मिळतं ते फक्त बोलणं, तेही वक्ता म्हणून आधी नाव नोंदवलं असेल तर.

---

तात्या निपाणीकर · १६ जुलै, सकाळी ८:०५

म्हणजे पूर्वी शंभर जण पुरत होते आणि आता १२ लाख शेअर? मग यात सुधारणा कसली!

---

मिनिटबुक · १६ जुलै, दुपारी १:२०

तात्या, तुमचा राग रास्त आहे, आणि यात आणखी एक गंमत आहे. पूर्वी विशेष सभा बोलवायला एक दशांश लागायचा आणि वार्षिक सभेत ठराव घुसवायला त्याहून कमी. ते बरोबर होतं, कारण सभा तर होणारच असते, तुम्ही फक्त एक विषय वाढवता. आता दोन्हीला एकच माप. त्यामुळे १० टक्के हातात असलेला माणूस विचारतो, मी सरळ विशेष सभाच का मागू नये? कलम १०० खाली मागणीपत्र दिलं की मंडळाने २१ दिवसांत हालचाल करून ४५ दिवसांच्या आत सभा घ्यायची. नाही घेतली तर तुम्ही स्वतः तीन महिन्यांत घेऊ शकता, आणि वाजवी खर्च कंपनीकडून वसूल होतो. कलम १११ मध्ये मात्र ठराव किंवा निवेदन फिरवण्याचा खर्च तुम्ही मागणीपत्रासोबत आधी भरायचा. माप तेच आणि वर खर्च तुमचा. कोणी मसुदा केला देव जाणे.

झी एंटरटेनमेंटचं प्रकरण आठवत असेल. इन्व्हेस्कोच्या फंडांकडे जवळपास १८ टक्के होते. त्यांचं मागणीपत्र गेलं ११ सप्टेंबर २०२१ ला आणि वार्षिक सभा होती १४ तारखेला. तीन दिवसांत त्या सभेत काही घुसवणं शक्यच नव्हतं, म्हणून विशेष सभा मागितली. मंडळाने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ऑक्टोबरमध्ये इन्व्हेस्कोला रोखलं, मार्च २०२२ मध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. खंडपीठाचं म्हणणं असं की मागणीपत्र वैध आहे का याचा अर्थ आकडा आणि कार्यपद्धती पूर्ण आहे का, एवढाच. ठराव चांगला की वाईट हे मंडळाने तोलायचं नाही.

पण वाळवेकर, हे तुम्हाला जसंच्या तसं लागू होत नाही. कलम १११ मध्ये एक जास्तीचा शब्दप्रयोग आहे, 'रीतसर मांडता येईल असा' ठराव. तुमचे दोन्ही ठराव तिथे अडखळतात.

लाभांश घ्या. बहुतेक कंपन्यांच्या नियमावलीत असतं तसं तुमच्याही असणार, की सर्वसाधारण सभा लाभांश जाहीर करेल, पण मंडळाने शिफारस केलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. म्हणजे सभा २ चे दीड करू शकते, २ चे ६ नाही. रॉयल्टीचा करार हा मंडळाच्या कारभाराचा भाग. भागधारकांना संचालक बदलता येतात, नियमावली बदलता येते, पण मंडळाच्या खुर्चीत बसून करार मोडता येत नाही. संबंधित पक्षाला दिलेली रॉयल्टी उलाढालीच्या ५ टक्क्यांवर गेली असती तर सेबीच्या नियमाने ती भागधारकांच्या मंजुरीला आली असती, आणि प्रवर्तकांना बाजूने मत देता आलं नसतं. तुमचे २ टक्के त्या रेषेच्या खूप आत ठेवलेत.

---

काठावरचा · १६ जुलै, दुपारी ३:४५

थोडक्यात, घरी बसा आणि शेअर विका. पंचवीस वर्षं बाजारात आहे, ५८ टक्केवाल्याला कोणी हलवलेलं पाहिलं नाही.

---

वाळवेकर · १६ जुलै, रात्री ९:१०

काठावरचा, विकायचे असते तर धागा काढला नसता. मिनिटबुक ताई, ठराव नाही तर नाही. पण इतर भागधारकांना निदान कळवता येईल का, की रॉयल्टीचे आकडे असे असे आहेत? त्यांचे पत्ते कुठून मिळतील?

---

मिनिटबुक · १७ जुलै, सकाळी ७:१५

हा प्रश्न खरा. उत्तरही त्याच कलमात आहे, पण लोक ठरावाच्या नादात ते विसरतात.

कलम १११ दोन वेगवेगळे हक्क देतं. एक, ठरावाची सूचना द्यायला लावणं. दुसरा, सभेत येणाऱ्या कोणत्याही कामकाजावर तुमचं निवेदन सगळ्या सभासदांना पाठवायला लावणं. दुसऱ्यासाठी स्वतःचा ठराव असायलाच हवा असं नाही. वार्षिक सभेत जमाखर्च मंजूर करणं हा विषय असतोच. रॉयल्टी त्या जमाखर्चाच्या संबंधित पक्षांच्या टिपेत आहे. लाभांश हाही विषय आहेच, आणि एखादा संचालक पाळीने निवृत्त होऊन पुन्हा उभा असतो. या तिन्हींवर तुम्ही निवेदन देऊ शकता. 'लाभांश ६ रुपये करावा' असा ठराव चालत नाही, पण 'नफा इतका, रॉयल्टी इतकी, लाभांश इतका, म्हणून जमाखर्चाच्या विषयावर विरोधात मत द्या' असं निवेदन चालतं.

मुदतीतही फरक आहे. ठरावाचं मागणीपत्र सभेच्या किमान सहा आठवडे आधी नोंदणीकृत कार्यालयात पोचायला हवं, निवेदनाचं दोन आठवडे आधी. समजा सभा २५ सप्टेंबरला आहे. ठरावासाठी शेवटची तारीख १४ ऑगस्ट, तेव्हा तर सभेची सूचनाही निघालेली नसते. निवेदनासाठी ११ सप्टेंबर. सूचना २१ पूर्ण दिवस आधी निघते, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या एकदोन दिवसांत. अहवाल हातात घेऊन, पान क्रमांकासह निवेदन लिहायला तुम्हाला आठवडाभर मिळतो.

पत्त्यांचं म्हणाल तर सभासद नोंदवही तुम्हाला फुकट बघता येते, प्रत पानामागे १० रुपयांपर्यंत. पण २०२२ पासून पत्ता, ई-मेल आणि पॅन त्यातून दाखवत नाहीत. नावं मिळतील, माणसं मिळणार नाहीत. म्हणून कंपनीकरवी पाठवणं हाच सगळ्यांपर्यंत पोचायचा मार्ग उरतो. दहा टक्के मात्र यालाही लागतात.

---

रमा डोंबिवली · १७ जुलै, सकाळी ११:००

माझ्या सासऱ्यांचे याच प्रकारच्या एका कंपनीत कागदी शेअर होते. सात वर्षं लाभांशाचे चेक वटवले नाहीत म्हणून सगळे आयईपीएफ या सरकारी निधीकडे गेले. फॉर्म भरून दीड वर्ष झालं, वारसाच्या कागदांवरून दोनदा परत आला. असे शेअर दहा टक्क्यांत धरतात का? माझी सही चालेल का?

---

मिनिटबुक · १७ जुलै, दुपारी २:३०

रमाताई, परत मिळेपर्यंत नाही. आयईपीएफकडे गेलेल्या शेअरचा मताधिकार गोठलेला असतो. पण तुम्ही नकळत एक चांगला मुद्दा काढलात. कायदा म्हणतो, 'त्या तारखेला मताधिकार असलेल्या' भांडवलाचा दशांश. गोठलेले शेअर मग छेदातून वगळायचे का? वगळले तर वाळवेकरांचा उंबरठा थोडा खाली येतो. माझ्या मते वगळायला हवेत. कंपनीचे वकील उलट सांगतील. यावर विसंबून आकडा काठावर ठेवू नका.

---

लीड्सचा पांडुरंग · १८ जुलै, पहाटे २:१०

इकडे इंग्लंडमध्ये तुमचा जुना नियमच अजून चालू आहे असं समजा. ५ टक्के मतं, किंवा शंभर सभासद आणि प्रत्येकाचा सरासरी शंभर पौंड भरणा. निवेदन हजार शब्दांपर्यंत. आणि सार्वजनिक कंपनीत आर्थिक वर्ष संपायच्या आत वार्षिक सभेसाठीची मागणी पुरेशी झाली तर खर्च कंपनीचा. शेलमध्ये हवामानाच्या मुद्द्यावर छोट्या भागधारकांच्या एका गटाने २०१६ पासून कित्येक वर्षं ठराव आणले, ते याच शंभरवाल्या वाटेने. पास झाले नाहीत, पण किती टक्के मिळाले याची बातमी व्हायची आणि मंडळाला उत्तर द्यावं लागायचं.

---

तात्या निपाणीकर · १८ जुलै, सकाळी ८:४०

बघा! इंग्रजांनी ठेवलं आणि आम्ही काढलं.

आणि ते स्पेशल नोटीसचं काय? त्याला एक टक्काच लागतो. वाळवेकरांकडे पावणेतीन आहेत.

---

मिनिटबुक · १८ जुलै, दुपारी १२:५०

तात्या, हे बरोबर. कलम ११५ खाली विशेष सूचना द्यायला एक टक्का मतं किंवा पाच लाखांचा भरणा पुरतो. भरणा दर्शनी किमतीने मोजायचा, बाजारभावाने नाही, तरी यांचे ३४ लाख होतात. पण ती सूचना कुठल्याही विषयाला चालत नाही. कायदा किंवा नियमावली जिथे विशेष सूचना मागते तिथेच. मुख्यतः मुदतीआधी संचालकाला हटवणं आणि निवृत्त होणाऱ्या ऑडिटरऐवजी दुसरा नेमणं. वाळवेकरांना कोणाला हटवायचं नाहीये.

शिवाय विशेष सूचना दिली म्हणजे ठराव फिरवायला लावता येतो का, यावरही वाद झालेत. इंग्लंडात १९७७ साली पेडली यांच्या खटल्यात न्यायालयाने 'नाही' म्हटलं: सूचना द्यायचा हक्क वेगळा, विषयपत्रिकेवर आणायचा वेगळा. आपल्याकडे २०१३ नंतर नियमातच लिहिलंय की कंपनीने ती सूचना सभेच्या किमान सात दिवस आधी सभासदांना द्यावी, त्यामुळे इथे बाजू जास्त भक्कम आहे. तरी सावध वकील दोन्ही कलमं पूर्ण करायला सांगतात.

---

वाळवेकर · २४ जुलै, रात्री १०:०५

एक्सचेंजच्या संकेतस्थळावरून जूनअखेरची भागधारणा काढली. एक टक्क्याहून जास्त असलेल्यांची नावं तिथे असतात, हे आधी माहीत नव्हतं. प्रवर्तकांबाहेरचे तिघं सापडले: एका व्यक्तीकडे ३.१ टक्के, दुसरीकडे २.४ आणि एका फंडाकडे १.९. आमचे २.८३ धरून १०.२३ टक्के होतात! पहिले गृहस्थ इचलकरंजीचे निघाले, भेटून आलो. रॉयल्टीवर ते आमच्याहून तापलेत. दुसऱ्यांशी फोनवर बोललो, अनुकूल आहेत. फंडाला पत्र पाठवलंय.

आता मागणीपत्र कसं करायचं ते नीट सांगा.

---

मिनिटबुक · २५ जुलै, सकाळी ७:००

छान. पण १०.२३ म्हणजे १२ लाख २८ हजार शेअर, हाताशी फक्त २८ हजारांची सवड. धारणा मोजतात ती मागणीपत्र कंपनीला मिळतं त्या दिवशी. सही केल्यावर मधल्या आठ दिवसांत कोणी मुलीच्या लग्नासाठी तीस हजार शेअर विकले की सगळं कोसळलं. किमान लाखभर शेअर वरचे जमवा.

सह्या एकाच कागदावर हव्यात असं नाही, वेगवेगळ्या प्रती चालतात; सगळ्या मिळून सगळ्यांच्या सह्या आल्या की झालं. प्रत्येक सहीखाली डीमॅट खात्याचा डीपी आणि क्लायंट क्रमांक, शेअरची संख्या, आणि सोबत ताजं होल्डिंग स्टेटमेंट. संयुक्त खातं असेल तर सगळ्या नावांच्या सह्या घ्या. जुन्या कायद्यात एकाची पुरायची, तशी स्पष्ट सोय नव्या कायद्यात नाही, आणि कंपनी सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवेल. नवराबायकोच्या खात्यांत हे हमखास राहतं.

खर्चाची रक्कम सोबतच द्यायची, 'वाजवी पुरेशी'. किती हे कायदा सांगत नाही. कंपनी 'चौदा हजार सभासदांना स्पीड पोस्ट' असा हिशेब लावून तुम्हाला घाबरवू शकते. ज्यांचा मेल नोंदलेला आहे त्यांना मेलने जातं, त्याचा खर्च नगण्य. आधी कंपनीच्या शेअर नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडून मेल नसलेल्यांचा आकडा लेखी मागा, त्यावर टपालखर्च मोजा, तेवढ्याचा डिमांड ड्राफ्ट जोडा आणि पत्रात लिहा की फरक मागताच भरू. नुसतं 'खर्च देऊ' असं आश्वासन पुरत नाही. पैसे सोबत गेले पाहिजेत.

मजकूर. जुन्या कायद्यात हजार शब्दांची मर्यादा होती, आता नाही, तरी दीड पानावर जाऊ नका. प्रत्येक आकड्याला अहवालाचं वर्ष आणि पान द्या. 'लूट', 'घराणं', 'खिसे भरले' हे शब्द टाकायचा मोह आवरा. मजकूर बदनामीकारक आहे असं ठरवायचा अधिकार कंपनीला नाही, तिला केंद्र सरकारकडे अर्ज करावा लागतो. बदनामीकारक मजकुराच्या निष्कारण प्रसिद्धीसाठी हक्काचा गैरवापर होतोय असा आदेश आला तरच ती पाठवणं टाळू शकते. पण त्या आदेशात कंपनीचा खर्चही तुमच्या अंगावर टाकता येतो. त्यांना निमित्त देऊ नका.

आणि ११ सप्टेंबरची वाट पाहू नका. मिळाल्यावर किती दिवसांत पाठवायचं, हे नव्या कलमात लिहिलेलं नाही. ई-व्होटिंग किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. म्हणजे २२ तारखेला सुरू. निवेदन २३ ला पोचलं तर ज्यांनी मत दिलं त्यांना ते बदलता येत नाही. सूचना हातात आली की दोन दिवसांत दाखल करा, नोंदणीकृत कार्यालयातच, पोच घेऊन. कारखान्याच्या गेटवर दिलेलं दाखल धरत नाहीत.

---

काठावरचा · २५ जुलै, सकाळी ९:३०

आणि कंपनीने नाहीच पाठवलं तर? दंड किती?

---

मिनिटबुक · २५ जुलै, सकाळी १०:१५

२५ हजार, कंपनीला आणि कसूर करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला. हसू नका. आकडा हास्यास्पद आहे हे मलाही कळतं. सरकारच्या कंपनी रजिस्ट्रारकडे तक्रार होते, पण तोवर सभा होऊन जाते.

---

वाळवेकर · ११ ऑगस्ट, रात्री ९:२०

फंडाचं उत्तर आलं. सही करणार नाहीत. त्यांच्या वकिलांना भीती वाटते की आमच्यासोबत सही केली तर 'एकत्रितपणे वागणारे' ठरू. मत देताना आमचा मुद्दा लक्षात घेऊ, असं तोंडी म्हणाले. म्हणजे ८.३३ टक्क्यांवर आलो. दोन लाख शेअर कमी. गावात घरोघर फिरून गेल्या पंधरा दिवसांत ६१ हजार जमलेत. ४ सप्टेंबरपर्यंत होतील का, शंका आहे.

---

काठावरचा · ११ ऑगस्ट, रात्री १०:४०

फंडांचं हे नेहमीचं. एकत्र येऊन शेअर किंवा ताबा मिळवला तर टेकओव्हरचे नियम लागतात, नुसत्या निवेदनावर सही केल्याने नाही, आणि ताबा घेत नसाल तर २५ टक्क्यांच्या खाली ओपन ऑफरचा प्रश्नच नाही. पण ते सांगून त्यांचं कंप्लायन्स खातं ऐकणार नाही.

घरी बसा म्हणालो होतो, पण एक सुचवतो. कलम १६०. तुमच्यातल्या एकाला संचालकपदासाठी उभं करा. तिथे एक शेअर असला तरी पुरतो.

---

मिनिटबुक · १२ ऑगस्ट, सकाळी ७:२०

बरोबर सुचवलंत. उमेदवार स्वतः किंवा त्याला सुचवणारा कोणताही सभासद सभेच्या किमान १४ दिवस आधी सूचना देऊ शकतो. सोबत एक लाख अनामत. उमेदवाराचा डीआयएन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, आणि लेखी संमती हवी. कंपनीने किमान सात दिवस आधी सभासदांना उमेदवारी कळवायची. साधा ठराव असतो, पण स्वतंत्र संचालक म्हणून उभं करू नका. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत त्याला विशेष ठराव लागतो.

जिंकणार नाही, ५८ टक्के समोर आहेत. अनामत मात्र परत मिळू शकते: एकूण वैध मतांच्या २५ टक्क्यांहून जास्त मिळाली तर. प्रवर्तकांची ६९ लाख ६० हजार मतं विरोधात पडली आणि बाकी कोणी विरोध केला नाही असं धरलं, तर तुम्हाला २३ लाख २० हजारांहून जास्त हवीत. बाहेर एकूण ५० लाख ४० हजार शेअर आहेत, त्यातले जवळपास निम्मे. फंड आणि ते दोघं धरूनही तुम्ही तेरा लाखांच्या आसपास आहात. लाख रुपये जातील असं समजूनच उतरा.

मर्यादाही आहे. कंपनी फक्त उमेदवारी कळवते. तुमचं रॉयल्टीचं म्हणणं फिरवायला ती बांधील नाही.

---

वाळवेकर · १२ ऑगस्ट, रात्री ८:५०

इचलकरंजीचे गृहस्थ उभे राहायला तयार आहेत, अनामतही स्वतः भरतो म्हणाले. निवेदनासाठी सह्या गोळा करणं चालूच ठेवतो. दहा टक्के झाले तर दोन्ही एकाच दिवशी दाखल करू. ताई, एक शंका. त्यांनी नुसत्या उमेदवारीसोबत स्वतःची ओळख म्हणून एक पान जोडलं, त्यात रॉयल्टीचे आकडे असले, तर कंपनीला तेही पाठवावं लागेल?

---

मिनिटबुक · १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

लागणार नाही. कंपनीवाले दोन ओळींची ओळख स्वतः लिहून पाठवतील. पण जोडा जरूर. आणि सभेच्या सूचनेत वक्ता नोंदणीची तारीख बघून तुमच्यातल्या पाचसात जणांची नावं पहिल्याच दिवशी नोंदवा.

---

तात्या निपाणीकर · १३ ऑगस्ट, सकाळी ९:३०

माझ्याकडे त्या कंपनीचे चारशे शेअर आहेत, बायकोबरोबर संयुक्त. दोघांच्या सह्या करून उद्या स्पीड पोस्टने टाकतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

---

सोसायटीग्रस्त · १३ ऑगस्ट, सकाळी १०:१०

सोसायटीत अनामत किती असते कोणाला माहीत आहे का?